एका कॅमेऱ्यावरचा संवाद कापताना: आधी नजर, मग भाव

प्रश्न: शॉर्टफिल्ममध्ये सासू-सुनेचा चार मिनिटांचा संवाद आहे. कॅमेरा एकच होता. आधी सुनेवर पूर्ण सीन घेतला, मग कॅमेरा फिरवून सासूवर. सासूचं काम करणाऱ्या काकूंना लवकर निघायचं होतं, म्हणून त्यांचे दोनच टेक आहेत आणि ऐकतानाचे शॉट वेगळे घेतलेच नाहीत. आता कापल्यावर दोघी एकमेकींकडे बघतायत असं वाटतच नाही. पुन्हा शूट होणार नाही. काय करता येईल?

उत्तर:

ऐकतानाचे शॉट तुमच्याकडे आहेत, फक्त ते वेगळे काढून ठेवलेले नाहीत. काकूंवर कॅमेरा चालू असताना सुनेची वाक्यं कुणीतरी वाचलीच असतील, आणि तेवढा वेळ काकू ऐकतच होत्या. खरा घोटाळा बहुधा निवडण्याच्या क्रमात होतो. आपण रिअ‍ॅक्शन भावावरून शोधतो. इथे राग हवा, इथे धक्का हवा, म्हणून तसा चेहरा शोधून लावतो. चेहरा चपखल असतो, पण तो बघत असतो भलतीकडे. मी उलट करते. आधी नजर कुठे आहे ते बघते आणि त्यानुसार सगळे तुकडे वेगळे करते. भाव सर्वांत शेवटी.

याचं कारण साधं आहे. भाव प्रेक्षक स्वतः भरतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा शंभरेक वर्षांपूर्वीचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल: नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या वाटीशेजारी लावला की भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी लावला की दुःखी. तुमच्या काकूंचा शांत चेहरा सुनेच्या कडू वाक्यानंतर आला तर तो दुखावलेलाच दिसेल. नजरेच्या बाबतीत मात्र प्रेक्षक अशी मदत करत नाही. समोरचा माणूस आपल्या डोळ्यांत बघतोय की कानाकडे, हे आपल्याला लहानपणापासून कळतं. पडद्यावर ते चुकलं की नेमकं काय चुकलं हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण सीनवरचा त्याचा विश्वास उडतो.

काही वर्षांपूर्वी मी असाच एक सीन कापला होता. त्याच्या आधाराने सांगते, म्हणजे नुसते नियम राहणार नाहीत. स्वयंपाकघर, वडील आणि मुलगी, तीन मिनिटं दहा सेकंदांचा संवाद. वडील आधी गॅसपाशी उभे राहून चहा करतात, मग कप घेऊन टेबलाशी बसतात. मुलगी पहिल्यापासून बसलेली. कॅमेरा एक. मास्टरचे, म्हणजे दोघं एकत्र दिसतात अशा पूर्ण सीनच्या शॉटचे, दोन टेक, मुलीच्या क्लोजचे चार, वडिलांच्या क्लोजचे दोन, आणि त्यातला दुसरा अर्ध्यात थांबलेला, कारण खिडकीतला उजेड गेला. शिवाय वडिलांचा क्लोज घेईपर्यंत मुलीचं काम करणारी नटी निघून गेली होती. तिची वाक्यं एका सहायकाने कॅमेऱ्याशेजारी उभं राहून वाचली. हे उभं राहणं पुढे फार महागात पडलं.

सगळ्यात आधी मी आवाजाचा पट्टा बांधला. चित्राकडे न बघता, प्रत्येक वाक्याचा सगळ्यात चांगला टेक एकामागे एक लावला आणि मधले पॉज मला हवे तेवढे ठेवले. डोळे मिटून ऐकल्यावर सीन पूर्ण वाटला पाहिजे. एका कॅमेऱ्याच्या सीनमध्ये हे आधी करण्याचं कारण असं की दोन्ही बाजूंची लय वेगवेगळ्या वेळी घडलेली असते. मुलीने वाक्य म्हटलं सकाळी अकराला, वडिलांनी उत्तर दिलं दुपारी चारला. त्या दोघांमधला पॉज सेटवर कधीच घडलेला नाही, तो तुम्हीच ठरवायचा आहे. आणि पॉज ठरला की रिअ‍ॅक्शन किती लांबीची हवी हे आपोआप कळतं. नाहीतर आपण हाताशी असलेल्या तुकड्याच्या लांबीनुसार पॉज देत बसतो.

मग दुसरी टाइमलाइन उघडून त्यात वडिलांचं सगळं फुटेज ओळीने टाकलं, क्लॅपच्या आधीपासून ते ‘कट’ म्हटल्यानंतरच्या शेवटच्या फ्रेमपर्यंत. आवाज बंद. जिथे तोंड हलत नाही असा प्रत्येक तुकडा कापून वर उचलला. दीड टेकमधून असे बावीस तुकडे निघाले, मिळून सत्तरेक सेकंदांचे. त्यांना चार रंग दिले: मुलीकडे बघताना, खाली कपाकडे, खिडकीकडे, आणि नजर कुठेच ठरत नाही असे. पहिल्या रंगाचे पुन्हा दोन भाग केले, उभं असताना आणि बसल्यावर. उभा माणूस बसलेल्या मुलीकडे खाली बघतो. तो तुकडा कितीही सुंदर असला तरी ते बसल्यानंतरच्या भागात लावला की बाबा तिच्या छातीशी बोलल्यासारखे दिसतात. तुमच्या सीनमध्ये कुणी उठबस करत असेल तर ही विभागणी विसरू नका.

सगळ्यात चांगले तुकडे कुठे सापडतात, तर क्लॅप आणि ‘अ‍ॅक्शन’ यांच्यामधल्या काही सेकंदांत. नट तयार असतो, अभिनय सुरू झालेला नसतो, समोर बघत शांत थांबलेला असतो. तसंच शेवटचं वाक्य संपल्यावर दिग्दर्शक ‘कट’ म्हणेपर्यंत. एका जागी मात्र फसायला होतं. कॅमेरा चालू असताना दिग्दर्शक काही सुचवतो आणि नट ते मन लावून ऐकतो. चेहरा अप्रतिम असतो, खरोखर ऐकणारा असतो, पण तो दिग्दर्शकाकडे बघत असतो, आणि दिग्दर्शक समोरच्या नटाच्या जागी क्वचितच उभा असतो. असा तुकडा भावाच्या मोहाने घेऊ नका. आधी नजर तपासा.

नजर तपासायची माझी पद्धत सांगते. एकीचा क्लोज आणि दुसरीचा क्लोज, प्रत्येकी एक सेकंद, असे आठ-दहा वेळा आळीपाळीने लावते आणि आवाज बंद करून चालवते. दोघं एकमेकांकडे बघत असतील तर बॅडमिंटनची मॅच बघितल्यासारखं वाटतं, नजर या टोकाकडून त्या टोकाकडे अलगद जाते. चुकत असेल तर प्रत्येक कटला डोळा दचकतो. कुठे चुकतंय ते कळण्यासाठी मग एक शॉट दुसऱ्यावर ठेवून त्याची ऑपॅसिटी पन्नास टक्के करते. दोन चेहरे एकात एक दिसतात आणि तीन गोष्टी लगेच कळतात. एक डावीकडे बघतोय तर दुसरा उजवीकडे बघतोय का, दोघांचे डोळे फ्रेममध्ये साधारण कोणत्या उंचीवर आहेत, आणि नजर लेन्सपासून किती लांब जाते.

दोघी एकाच बाजूला बघत असतील तर शूट करताना कॅमेरा इमॅजिनरी लाइन ओलांडून पलीकडे गेला आहे. दोघींना जोडणारी एक रेषा मनात काढली तर सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने हवेत, नाहीतर दोघी मिळून तिसऱ्याच कुणाकडे बघतायत असं दिसतं. यावर सगळे लगेच शॉट आडवा उलटा करायला सांगतात, म्हणजे फ्लॉप. तो कधी चालतो, कधी अजिबात चालत नाही. सासू-सुनेच्या सीनमध्ये पहिली अडचण पदराची. डाव्या खांद्यावरचा पदर उलटल्यावर उजव्या खांद्यावर जातो, आणि आपल्या घरातल्या कुणालाही ते दिसल्यावाचून राहत नाही. नाकातली चमकी बाजू बदलते, तिरपा भांग बदलतो, मागचं कॅलेंडर उलटं वाचलं जातं. फ्रेम खांद्यांच्या वर कापून पदर टाळता येईल, कॅलेंडर धूसर करता येईल. पण मी सगळ्यात आधी उजेड बघते. खिडकी सासूच्या डाव्या गालावर असेल तर उलटल्यावर ती उजव्या गालावर येईल, आणि मास्टरमध्ये खिडकी कुठे आहे ते प्रेक्षकाने पाहिलेलं असतं. माझ्या सीनमध्ये मुलीचा एक टेक असाच पलीकडून घेतलेला होता. तो उलटून पाहिला. तिचा पंजाबी ड्रेस होता, भांग मधोमध, त्या बाजूने काही अडलं नाही. तरी उजेडामुळे तो टाकूनच द्यावा लागला. दीड सेकंदासाठीही तो वेगळ्या खोलीतला वाटत होता.

फ्लॉप जमला नाही तर दोन चुकीचे क्लोज एकमेकांना थेट चिकटवू नका. मध्ये मास्टर आणा, किंवा एखादी कपाची, हातांची तटस्थ फ्रेम. प्रेक्षक नव्याने दिशा समजून घेतो आणि मग पुढचा क्लोज मान्य करतो. पण हे सीनमध्ये एखाद-दोनदाच चालतं.

आता माझा खरा त्रास. वडिलांची दिशा बरोबर होती, ते डावीकडेच बघत होते. पण क्यू देणारा सहायक उभा होता आणि कॅमेऱ्याला चिकटून होता. त्यामुळे नजर दोन्हीकडून चुकली. बसलेल्या मुलीच्या डोक्यावरून वर जाणारी, आणि लेन्सच्या इतकी जवळ की बाबा जवळजवळ प्रेक्षकाशी बोलतायत. मुलीची नजर मात्र लेन्सपासून चांगली लांब, सरळ उजवीकडे.

डोळ्यांची बुबुळं काही हलवता येत नाहीत. फ्रेम हलवता येते. फुटेज फोर के होतं आणि फिल्म एचडीमध्ये द्यायची होती, त्यामुळे चित्र दुप्पट मोठं केलं तरी त्यातला तपशील कमी होत नव्हता. वडिलांचा शॉट मी १२० टक्के केला. एवढ्याने फ्रेम वर-खाली दहा-दहा टक्के सरकवायला जागा मिळते. चित्र खाली सरकवलं, म्हणजे त्यांचे डोळे फ्रेममध्ये खाली आले. मुलीचा शॉट थोडा मोठा करून तिचे डोळे वर नेले. आता कट झाल्यावर वडिलांची वर जाणारी नजर जिथे पोचते, साधारण तिथेच तिचे डोळे येत होते. आडव्या दिशेने त्यांना फ्रेमच्या उजव्या कडेकडे नेलं आणि डावीकडे जास्त रिकामी जागा ठेवली. नजर लेन्सच्या जवळ असली तरी त्या मोकळ्या जागेमुळे ती तिकडे जाते असं वाटतं. यालाही मर्यादा आहे. नजर थोडी चुकली असेल तर हे पुरतं. नट तुमच्याकडे सरळ बघत असेल तर फ्रेम कितीही सरकवा, काही होत नाही. तुमचं फुटेज एचडी असेल तर मी ११० ते ११५ टक्क्यांच्या पुढे जाणार नाही, कारण शेजारच्या शॉटच्या तुलनेत चेहरा मऊ दिसायला लागतो.

तरीही वडिलांचे काही ‘तिच्याकडे बघण्याचे’ तुकडे फसवे राहिलेच. मग मी खाली कपाकडे बघण्याचे तुकडे मोजले. ते सात होते. खाली गेलेल्या नजरेला समोरच्याच्या डोळ्यांशी जुळावंच लागत नाही, म्हणून हे तुकडे जवळजवळ कुठेही चालतात. आणि त्या सीनला ते शोभलेही, कारण तो बाप मुलीची नजर टाळतच होता. मी ठरवलं की पहिल्या दोन मिनिटांत बाबा तिच्याकडे जवळजवळ बघणारच नाहीत. त्यांची जुळणारी नजर फक्त चार ठिकाणी खर्च करायची.

त्यातलं एक ठिकाण फ्रेम मोजून सांगते. संवाद असा होता. मुलगी म्हणते, “बाबा, मी त्यांना हो म्हणून सांगितलंय.” बाबा: “कधी?” मुलगी: “परवा.” बाबा: “आणि मला आज सांगतेस.”

पहिल्या कटमध्ये मी “सांगितलंय” संपल्यावर लगेच वडिलांवर गेले होते. सपाट वाटलं, बातमी पोचायच्या आत तिची पावती मिळाल्यासारखं. मग मुलीवर बारा फ्रेम थांबले, पंचवीस फ्रेमच्या हिशेबात साधारण अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात तिची नजर उजवीकडे काहीतरी शोधते, म्हणून आपल्यालाही तिकडे बघावंसं वाटतं. तिथे कट. वडिलांचा चेहरा, अडीच सेकंद, नजर कपावर. हा तुकडा पहिल्या टेकमध्ये ‘अ‍ॅक्शन’च्या आधीचा आहे. नट फक्त वाट बघत होता. तुकडा मुळात दोनच सेकंदांचा होता, म्हणून त्याचा वेग ८० टक्के केला. मग त्यांचं “कधी?” मी त्यांच्या चेहऱ्यावर ठेवलंच नाही. ते ऐकू येतं मुलीच्या चेहऱ्यावर. दोन कारणं होती. टेकमध्ये त्या शब्दावर सहायकाचा आवाज चढलेला होता, त्यामुळे मला अर्धवट टेकमधला स्वच्छ “कधी?” आणून बसवायचा होता, आणि तोंड दिसत नसेल तर तो कुठूनही आणता येतो. शिवाय त्या क्षणी बघण्यासारखी ती होती. तिचं “परवा” तिच्याच चेहऱ्यावर. त्याचा शेवटचा स्वर संपायच्या पाच फ्रेम आधी वडिलांवर कट, आणि इथे ते पहिल्यांदा डोळे वर करतात. ही जुळवलेली नजर. “आणि मला आज सांगतेस” हे पूर्ण त्यांच्यावर.

वेग कमी करण्याबद्दल थोडं, कारण तुम्हालाही ते लागेल. ८० टक्क्यांवर साधारण प्रत्येक चौथी फ्रेम दोनदा दिसते. स्थिर चेहऱ्यावर ते कळत नाही. पापणी लवली, घोट गिळला, मागे पंखा फिरत असला की लगेच कळतं. म्हणून असा तुकडा दोन पापण्यांच्या मधला निवडा. फ्रेम गोठवून लांबवू नका, चेहरा हलत नसला तरी चित्रातला बारीक दाणा हलत असतो, तो थांबला की फोटो लावल्यासारखं दिसतं. तुकडा उलटा चालवणं मात्र कधीकधी छान जमतं. खाली बघितलेली नजर उलट चालवली की वर येते. माझ्या चार ‘वर बघण्यां’पैकी एक तसं केलेलं आहे. तिथे कपातून वाफ येत नाही ना, हे आधी बघितलं, कारण ती कपात परत शिरताना दिसली असती.

एकच तुकडा दोनदा वापरायचा तर तेच फ्रेम पुन्हा आणू नका. माझ्याकडे नऊ सेकंदांचं एक लांब ऐकणं होतं. त्याचे दोन भाग केले, पहिला सीनच्या सुरुवातीला आणि दुसरा दीड मिनिटाने, थोडा जवळच्या फ्रेममध्ये. पुनरावृत्ती पकडली जाते ती चेहऱ्यावरून नाही, एखाद्या खुणेवरून: भुवई उचलणं, चश्मा सरकवणं, कपावर बदललेली बोटं. खूण असलेला भाग एकदाच वापरायचा. हात अडचण करत असतील तर फ्रेम हातांच्या वर घ्या. आणि डोळे पाणावण्याच्या आधीचा कोरडा चेहरा नंतर लावू नका, त्यावर कुठलाच इलाज नाही.

तुकड्याचा शेवट कुठे करायचा, तर पुढचं वाक्य म्हणण्यासाठी नट श्वास घेतो त्याच्या आधी. ओठ विलग होतात, छाती किंचित वर येते, शब्द त्याच्यानंतर सहा-आठ फ्रेमांनी येतो. तो श्वास राहिला आणि शब्द आलाच नाही तर प्रेक्षक अडखळतो. पण सासूला काहीतरी बोलायचं होतं आणि तिने ते गिळलं, असं दाखवायचं असेल तर नेमका तोच श्वास ठेवून कट करा. सेटवर कुणीही न केलेला अभिनय तिथे तयार होतो.

आवाजाबाबत एकच सांगते. रिअ‍ॅक्शन दुसऱ्या ठिकाणाहून आणली की तिचा मूळ आवाज पूर्ण बंद करा आणि खाली सुनेच्या क्लोजमधलं स्वच्छ वाक्य सलग चालू द्या. क्यू देणाऱ्याचा आवाज हळू करून ठेवलात तर तो हेडफोनवर ऐकू येतोच. खोलीचा शांत आवाज पॉजमधून काढून पूर्ण सीनखाली पसरवा, म्हणजे सकाळ आणि दुपार एकाच खोलीत येतील.

काकू नसल्या तरी एक गोष्ट अजून शूट करता येईल. सासू बोलताना हातांनी काही करत असेल, भाजी निवडत असेल, वाती वळत असेल, तर तीच साडी आणि त्याच बांगड्या घालून दुसऱ्या कुणाच्या हातांचे दोन-तीन मिनिटांचे शॉट घ्या. उजेड त्याच बाजूने ठेवा आणि कॅमेरा सुनेच्या जागेवरून लावा, कारण त्या हातांकडे सून बघते आहे. सुनेच्या टेकमध्ये तिने नजर खाली नेलेली ठिकाणं शोधा. त्या प्रत्येक ठिकाणी हा शॉट बसेल, आणि सासूच्या चेहऱ्याच्या दोन टेकवरचा तेवढा भार कमी होईल.